वस्त्र आणि धोरण

चेन्नई शहराच्या जुन्या भागात, जॉर्ज टाउनमध्ये, गोडाऊन स्ट्रीट नावाची एक गजबजलेली गल्ली आहे. या वस्तीला पूर्वी ‘ब्लॅक टाउन’ म्हणत; १९०६ पासून तिला आजचे नाव मिळाले. गोडाऊन स्ट्रीट हा दक्षिणेतील एक मोठा घाऊक कापडबाजार. येथे पांढऱ्या धोतरांचे, म्हणजे तमिळ भाषेत ‘वेष्टी’चे, गठ्ठे येतात आणि साड्यांचेही येतात. वेष्टी घेणाऱ्याला फारसा विचार करावा लागत नाही. ती चार हाती हवी की आठ हाती, आणि काठ कोणत्या रंगाचा, एवढे दोनच प्रश्न असतात. राजकीय कार्यकर्ता असेल तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही आधीच ठरलेले असते, कारण काठावर पक्षाचे रंग विणलेले असतात. साडी घेणारीची गोष्ट निराळी. सूत की रेशीम, रंग फिका की गडद, काठ रुंद की अरुंद, पोत कोणत्या गावचा, पदर कसा, जोडीला चोळी कसली, असे तिचे प्रश्न संपत नाहीत. आणि यांपैकी प्रत्येक उत्तराला समाजाने काही ना काही अर्थ जोडून ठेवलेला असतो.

या गल्लीतून दक्षिणेकडे निघून उच्च न्यायालयाच्या तांबड्या इमारती ओलांडल्या, की थोड्याच वेळात फोर्ट सेंट जॉर्ज हा किल्ला लागतो. इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या या किल्ल्यात आज तमिळनाडूचे सचिवालय आणि विधानसभा आहे. कापडबाजारातील हा साधा फरक किल्ल्याच्या दरवाजातून आत गेल्यावर राजकीय फरक कसा बनतो, आणि त्यात नुकसान नेमके कोणाचे होते, हे समजून घेण्यासाठी येथील एका नेत्रीचे उदाहरण पुरेसे आहे. ते उदाहरण म्हणजे जे. जयललिता यांचे.

न बोलणारा वेष आणि बोलणारा वेष

किल्ल्यातील पुरुष पुढाऱ्यांच्या वेषाची चर्चा कधी झालीच नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. के. कामराज यांचा आखूड बाह्यांचा सदरा, एम. जी. रामचंद्रन यांची पांढरी टोपी व काळा चष्मा, एम. करुणानिधी यांची पिवळी शाल या गोष्टी साऱ्या राज्याला पाठ होत्या. व्यंगचित्रकार तेवढ्या एका रेषेवरून माणूस ओळखीचा करीत. परंतु ही चर्चा ओळखीपाशी थांबत असे. टोपी पाहून कोणी रामचंद्रन यांच्या शीलाविषयी निष्कर्ष काढला नाही, की आज शालीचा पिवळा रंग थोडा निराळा का, असे कोणी विचारले नाही. पुरुषांचा पांढरा वेष मुळात अर्थपूर्ण होता. खादीने त्याला एकेकाळी मोठा आशय दिला होता. पण शेकडो माणसांनी तोच वेष रोज घातल्यामुळे तो हळूहळू मुका झाला. आज तो काहीच सांगत नाही, आणि हीच त्याची सोय आहे. तो अंगावर चढवला की लोकांचे लक्ष बोलण्याकडे वळते.

स्त्रीसाठी असा मुका वेष उपलब्ध नाही. तिने जाडीभरडी सुती साडी नेसली तर साधेपणाचे ढोंग, रेशमी नेसली तर श्रीमंतीचे प्रदर्शन. रंग फिका असेल तर उदासवाणा, गडद असेल तर वयाला न शोभणारा. केसांचा अंबाडा घातला तर जुन्या वळणाची, कापले तर परक्या वळणाची. पिकलेले केस तसेच ठेवले तर थकलेली, रंगवले तर वय लपवणारी. येथे प्रश्न चांगल्या किंवा वाईट निवडीचा नसून, निवड टाळण्याचा मार्गच बंद असण्याचा आहे.

ऑस्ट्रेलियातील एका वृत्तनिवेदकाने हा भेद अगदी सोप्या प्रयोगाने दाखवून दिला. कार्ल स्टेफानोविक हा दूरचित्रवाणीवर एका स्त्री सहकाऱ्यासमवेत रोज सकाळचा कार्यक्रम सादर करी. सहकारी स्त्रीच्या कपड्यांविषयी प्रेक्षकांचे शेरे सतत येत. त्याच्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नसे. तेव्हा त्याने वर्षभर जवळजवळ रोज एकच निळा सूट घातला आणि २०१४ मध्ये ती गोष्ट स्वतः उघड केली. तोपर्यंत ती कोणाच्या लक्षातही आली नव्हती.

जयललिता १९९१ च्या जूनमध्ये मुख्यमंत्री झाल्या, त्यानंतर काही काळ त्यांनी स्वतःसाठी एक गणवेषच तयार केल्यासारखे दिसते. साडीवरून खांदे झाकणारा, अंगरख्यासारखा एक सैलसर झगा त्या घालीत. वेष एकच ठेवला म्हणजे बोलणे थांबेल, अशी अपेक्षा त्यामागे असेल वा नसेल. परिणाम मात्र उलटा झाला. या झग्याखाली वाढलेले वजन लपवले जाते, असे काही म्हणत. आत गोळीपासून रक्षण करणारे चिलखत असते, असे दुसरे सांगत. टोपी व चष्मा ही रामचंद्रन यांची निशाणी झाली. जयललितांचा झगा मात्र कोडे झाला, आणि कोडे घातले की उत्तर शोधणारे आलेच.

‘वजनदार’ या शब्दाचे दोन अर्थ

वजनाच्या बाबतीत तर भाषाच साक्ष देते. मराठीत ‘वजनदार मंत्री’ म्हणजे ज्याच्या शब्दाला मान आहे असा मंत्री. ‘भारदस्त’ हे विशेषणही मूळचे भाराचेच. पण पुरुषाचे शरीर जड असले तर त्यातून अधिकार सूचित होतो. स्त्री पुढाऱ्याच्या बाबतीत वजन हा शब्द एकाएकी आपला लाक्षणिक अर्थ टाकून देतो आणि शब्दशः किलोवर येतो.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये राजस्थान विधानसभेच्या निवडणुकीत हे उघडपणे घडले. प्रचारसभेत शरद यादव यांनी तत्कालीन मुख्यमंत्री वसुंधरा राजे या फार जाड झाल्या आहेत, त्यांना आता विश्रांती द्यावी, अशा आशयाचे उद्गार काढले. राजे यांनी मतदानाच्या दिवशी त्याचा जाहीर निषेध केला, आणि पुढे यादव यांनी खेद व्यक्त केला. पाच वर्षे चाललेल्या एका सरकारचा जमाखर्च मांडण्याची ती वेळ होती. विरोधी वक्त्यापाशी मुद्द्यांची वाण असण्याचे कारण नव्हते. तरीही त्या आठवड्यातील सर्वांत गाजलेले वाक्य शरीराविषयीचे ठरले. ध्यानात घेण्याजोगे हे, की निषेधाची वेळ आणि जागादेखील त्याच वाक्याने खाल्ली. टीका करणारा आणि तिला उत्तर देणारी, दोघेही धोरणापासून दूर गेले.

२५ मार्च १९८९

आता पुन्हा किल्ल्याकडे वळू. २५ मार्च १९८९ रोजी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला जात होता. मुख्यमंत्री करुणानिधी यांच्याकडेच अर्थखाते होते. जयललिता त्या वेळी विरोधी पक्षनेत्या होत्या. तमिळनाडूत या पदावर आलेल्या त्या पहिल्याच स्त्री. सभागृहात आरोप-प्रत्यारोप होऊन गोंधळ माजला व धक्काबुक्की झाली. जयललिता विस्कटलेल्या केसांनी बाहेर पडल्या. आपली साडी ओढण्यात आली, असे त्यांनी सांगितले. सत्ताधारी पक्षाने ते नाकारले. नेमके काय घडले याविषयी दोन्ही पक्षांच्या हकिकती आजतागायत जुळलेल्या नाहीत. मुख्यमंत्री होऊनच या सभागृहात परत येईन, अशी प्रतिज्ञा त्यांनी केली आणि दोन वर्षांनी ती खरी झाली. भरसभेतील द्रौपदीची आठवण लोकांना होणे स्वाभाविक होते. तमिळनाडूच्या राजकारणात ती साडी आजही निघते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेतील चर्चेतही तिचा उल्लेख झाला.

एका स्त्री सदस्यावर सभागृहात हात टाकला गेला असेल, तर ती गंभीर बाब आहे आणि तिची चर्चा व्हायलाच हवी. वेषावरील शेरेबाजी आणि शरीरावरील हल्ला या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. परंतु याच तारखेला आणखी एक महत्त्व आहे, आणि ते सभागृहातील प्रसंग सांगणाऱ्यांच्या तोंडी क्वचितच येते. तमिळनाडूने हिंदू वारसा कायद्यात जी दुरुस्ती केली, ती २५ मार्च १९८९ पासून अमलात आल्याचे मानले जाते. या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. मात्र त्या तारखेपूर्वी जिचे लग्न झाले होते, तिला या दुरुस्तीने तो मिळाला नाही. महाराष्ट्राने अशीच दुरुस्ती २२ जून १९९४ पासून केली, आणि साऱ्या देशासाठी ती २००५ मध्ये झाली. म्हणजे तमिळनाडूतील असंख्य बहिणींच्या वाटणीचे दावे कित्येक वर्षे या एका तारखेवर अडत किंवा सुटत राहिले. जमीनजुमल्याच्या खटल्यांत वकील ही तारीख उच्चारतात; सार्वजनिक स्मृतीत मात्र त्या दिवसाचे एकच चित्र उरले आहे, आणि ते साडीचे आहे.

साड्यांची मोजदाद

तिसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण त्यात साड्यांचा प्रश्न वरवर पाहता अगदी न्याय्य होता. १९९६ च्या निवडणुकीत जयललितांचा पराभव झाला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये पोएस गार्डन येथील त्यांच्या घराची झडती झाली. साड्या साडेदहा हजार आणि पादत्राणांचे साडेसातशे जोड सापडल्याचे आकडे देशभर झाले. पुढे या खटल्याचा उल्लेख जेथे जेथे आला, तेथे हे दोन आकडे त्याच्याबरोबर आले.

प्रत्यक्ष आरोप काय होता ते पाहिले तर चित्र पालटते. १ जुलै १९९१ ते ३० एप्रिल १९९६ या काळात ज्ञात उत्पन्नाशी विसंगत अशी सुमारे ६६ कोटी ६५ लाख रुपयांची मालमत्ता जमवली, असे आरोपपत्र म्हणत होते. त्यात सरकार पक्षाने सर्व साड्या व कपडे मिळून लावलेली किंमत सुमारे ९२ लाख ४४ हजार रुपये होती, आणि पादत्राणांची सुमारे दोन लाख. भागाकार करून पाहावा: साड्यांचा वाटा शंभर रुपयांत दीड रुपयाहूनही कमी भरतो. उरलेला भार जमिनी, इमारतींची बांधकामे, दागदागिने, बँकांतील ठेवी आणि निकटवर्तीयांच्या कंपन्या यांवर होता. या कंपन्यांच्या नावाने पैसा कसा फिरला, ही या खटल्याची खरी गाभ्याची बाब होती. बेंगळुरूच्या विशेष न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१४ रोजी चार वर्षांची शिक्षा व शंभर कोटींचा दंड ठोठावला. कर्नाटक उच्च न्यायालयाने ११ मे २०१५ रोजी सर्वांना निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०१७ रोजी तो निर्णय फिरवून विशेष न्यायालयाने सहआरोपींना दिलेली शिक्षा कायम केली. ५ डिसेंबर २०१६ रोजी निधन झाल्यामुळे जयललितांपुरती शिक्षेची कारवाई तोवर संपुष्टात आली होती.

आता सामान्य वाचकाला विचारावे, की या खटल्यातील कंपन्या कोणत्या, जमिनी कोणत्या, पैसा कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेला. उत्तर बहुधा येणार नाही. साड्या किती, हे विचारले तर लगेच येईल. पुरुष पुढाऱ्यांवरही भ्रष्टाचाराचे खटले झाले आहेत. परंतु त्यांच्या घरी वेष्टी किती निघाल्या, हे कोणी मोजून छापल्याचे आठवत नाही. त्यांच्या बाबतीत कोटींचा आकडा लक्षात राहतो, कंत्राटाचे नाव लक्षात राहते.

येथे या विषयाचा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग समोर येतो. दिसण्यावरील चर्चेने स्त्री पुढाऱ्यावर अन्याय होतो, हे तर खरेच. परंतु तिच्यावरील कठोर प्रश्नही त्याच चर्चेने बोथट होतात. साड्यांचा ढीग पाहून एका वर्गाने नाक मुरडले, दुसऱ्या वर्गाला बाईमाणसाच्या हौसेची कीव आली. आणि दोन्ही वर्गांच्या नजरेतून शंभरांतील साडेअठ्ठ्याण्णव रुपये निसटले. गुन्ह्याचा हिशेबदेखील नीट मांडला गेला नाही.

जे विचारले गेले नाही

जे गुन्ह्याच्या बाबतीत, तेच कामाच्या बाबतीत. १९९२ मध्ये जयललितांच्या सरकारने चेन्नईच्या थाउजंड लाइट्स भागात केवळ स्त्री पोलिसांचे ठाणे सुरू केले. पुढे राज्यभर अशी ठाणी दोनशेच्या घरात गेली आणि इतर राज्यांनी तो कित्ता गिरवला. ही योजना वादातीत नाही. पीडित स्त्रीला येथे तक्रार सांगणे सोपे जाते, की ‘तुमचे ठाणे तिकडे आहे’ असे सांगून शेजारचे ठाणे तिला परत पाठवते? हुंडा व मारहाण यांच्या तक्रारींवर गुन्हा नोंदवला जातो, की समजूत घालून स्त्रीला त्याच घरी धाडले जाते? स्त्री अधिकाऱ्यांना यामुळे संधी मिळते, की खून-दरोड्याच्या तपासापासून त्या दूर राहतात? हरयाणातील अशा ठाण्यांविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की ठाणी निघाल्याने नोंदलेल्या गुन्ह्यांत वाढ झाली नाही आणि इतर ठाणी स्त्रियांना तिकडे पिटाळू लागली. हे प्रश्न १९९२ पासून विचारता आले असते. झग्यावर, वजनावर, आणि १९९५ च्या सप्टेंबरमधील त्या प्रसिद्ध विवाहसोहळ्यातील दागिन्यांवर जितकी शाई खर्च झाली, तिचा काही अंश येथे लागला असता, तर योजना सुधारण्यास मदत झाली असती.

हे अटळ नसते, याचे उदाहरण मराठी वाचकाच्या घरचेच आहे. मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या व गोरेगावच्या वस्त्यांतील पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी लढा दिला. लोकांनी त्यांना नाव दिले ते ‘पाणीवाली बाई’. त्या साडीच नेसत, परंतु नाव पडले ते कामावरून. याचे एक कारण असे, की लोकांच्या घागरी रिकाम्या होत्या आणि भरलेली घागर मोजता येत होती. प्रश्न जेव्हा दारात उभा असतो, तेव्हा साडीकडे पाहायला सवड नसते.

मर्यादा आणि कसोटी

या विषयात अतिशयोक्तीही पुष्कळ होते, म्हणून दोन्ही बाजूंचे पुरावे पाहावेत. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असा निष्कर्ष निघाला, की स्त्री उमेदवाराच्या दिसण्याचा नुसता उल्लेखही, मग तो स्तुतीचा असला तरी, तिची मते घटवतो. परंतु पुढच्याच वर्षी डॅनी हेज, जेनिफर लॉलेस व गेल बेटिंजर या अभ्यासकांनी २०१० च्या तेथील निवडणुकीतील स्थानिक वृत्तपत्रे तपासली, तेव्हा दिसण्याविषयीचा मजकूर स्त्रीपुरुष दोघांच्याही बाबतीत थोडाच निघाला. प्रतिकूल शेऱ्यांनी दोघांचेही सारखेच नुकसान होते, असेही त्यांना आढळले. मतदारसंघातील साधा उमेदवार आणि राज्याच्या शिखरावरील स्त्री यांच्या वाट्याला येणारी चर्चा एकाच प्रकारची नसते, एवढे यातून ध्यानात घ्यावे. एकटी आणि उंचावर असलेली स्त्री सर्वांत जास्त न्याहाळली जाते. सभागृहात स्त्रिया पुष्कळ झाल्या, तर साडीही एखादे दिवशी वेष्टीसारखी मुकी होईल, असे मानण्यास जागा आहे.

वेषाचा प्रत्येक उल्लेख वर्ज्य मानण्याचेही कारण नाही. सार्वजनिक पैशाने कपडे आले असतील तर त्यांची किंमत विचारणे हा नागरिकाचा अधिकार आहे. पुढाऱ्याने वेष हेच प्रचाराचे साधन केले असेल, तर त्यावर लिहिणेही योग्य. मजकूर वाचताना दोन साध्या कसोट्या लावता येतात. पहिली अशी, की स्त्रीच्या जागी पुरुषाचे नाव घालून वाक्य पुन्हा वाचावे. ते हास्यास्पद वाटले तर मूळ वाक्यही तसेच आहे. दुसरी अशी, की ते वाक्य गाळून पाहावे. गाळल्याने एखाद्या निर्णयाविषयी, खर्चाविषयी किंवा परिणामाविषयी काही कळायचे राहून जाते का? साड्यांची एकूण किंमत सांगणारे वाक्य या कसोटीला उतरते. त्यांचा ढीग किती उंच होता, हे सांगणारे वाक्य उतरत नाही.

गोडाऊन स्ट्रीटच्या व्यापाऱ्याला कापड किती गेले याचा हिशेब रोज संध्याकाळी लागतो. किल्ल्यातील कारभाराचा हिशेब लावायला नागरिकाला अधिक कष्ट पडतात, कारण त्यातील महत्त्वाच्या रकमा डोळ्यांना दिसत नाहीत. २५ मार्च १९८९ च्या आधी लग्न होऊन सासरी गेलेली एखादी बहीण आणि त्यानंतर गेलेली तिची धाकटी बहीण, या दोघींच्या वाट्यातील फरक हा अशा न दिसणाऱ्या रकमांपैकी एक होता.